एका बदनाम गृहस्थाची ओळख

मुलांनो, आज २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन. आज एका बदनाम गृहस्थाची ओळख करून देते. नाव कृष्णविवर. सिनेमावाल्यांनी याला अधाशी ठरवलंय. दिसेल ते गिळतो म्हणे! ते खरं की खोटं, नंतर बघू. आधी त्याचं बालपण.

तेव्हा हा काळा नव्हता. चांगला लखलखीत तारा होता, सूर्याहून कितीतरी पट जड. एवढं वजन म्हटल्यावर स्वतःच्याच भाराखाली आत दबणं आलं. पण त्याच्या पोटात हायड्रोजनचा हेलियम होत होता आणि त्या उष्णतेचा दाब बाहेर रेटत होता. लाखो वर्षं दोघांची बरोबरी चालली.

दोष एकच, उधळेपणा. सूर्य आपलं इंधन पुरवून वापरतो, हा भराभर संपवतो. हायड्रोजन झाला की हेलियम, मग कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन. सिलिकॉनवर तर जेमतेम काही दिवस निघतात. त्याचं शेवटी लोखंड होतं आणि तिथे सगळं अडतं, कारण लोखंडातून उष्णता मिळत नाही. आता बाहेर रेटणारं कोण? हजारो किलोमीटरचा गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो. तो फार जड नसेल तर मध्येच सावरतो आणि न्यूट्रॉन तारा होतो. सूर्याच्या तिप्पटीहून जड असेल, तर त्याला थांबवील असं काहीच आपल्याला माहीत नाही.

किती दाबला जातो? आख्ख्या सूर्याचं कृष्णविवर करायचं तर त्याला सुमारे ६ किलोमीटर रुंदीत कोंबावं लागेल. म्हणजे डोंबिवली स्टेशन ते कल्याण स्टेशन, मध्ये ठाकुर्ली! घाबरू नका, सूर्य तेवढा जड नाही, त्याचं असं होणार नाही. पृथ्वीवरून कायमचं निसटायला सेकंदाला ११ किलोमीटर वेग लागतो. इथून मात्र सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाशही सुटत नाही. म्हणून हा काळा.

आणि अधाशी? सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं, तर आपण गारठून जाऊ, पण पृथ्वी आहे त्याच वाटेने फिरत राहील. खैर नाही ती फक्त फार जवळ जाणाऱ्याची.

मग न दिसणारा हा सापडतो कसा? सोबत्यामुळे. हंस तारकासमूहात एक निळा तारा साडेपाच दिवसांत कुणाभोवती तरी चक्कर मारतो. तो कुणीतरी दिसत नाही, पण सूर्याच्या सुमारे २१ पट जड आहे, आणि त्याच्याकडे ओढला जाणारा वायू तापून क्ष-किरण फेकतो. त्याचं नाव हंस एक्स-१.

मे महिन्यात रात्री उशिरा हंस ईशान्येला उगवतो. गावी गेलात आणि कुणाकडे दुर्बीण असली, तर तो निळा सोबती दाखवायला सांगा. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही.