‘चालेल बेटा’ म्हणजे नक्की काय चालेल?

९ एप्रिल २०२४. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि आमचा एकोणतिसावा रोजा. वटारला राहणारी माझी भाची घरबसल्या सहा छोट्या धंद्यांची इन्स्टाग्राम पानं सांभाळते. सोपाऱ्याची एक घरगुती बिर्याणी, एक केकवाली, एक सुकेळीवाला, मेंदी, शिवणकाम आणि मध-कलौंजीचं दुकान. नऊ दिवसांपूर्वीच ईस्टर होऊन गेलेला, त्यामुळे केकवालीचं काम नुकतंच संपलं होतं. पाडव्याची पोस्ट सकाळी गेली. बिर्याणीची पोस्ट तिने आधीच रात्री नऊची वेळ लावून ठेवली होती आणि ती इफ्तारला सासरच्या नातेवाइकांकडे गेली.

पोस्टमध्ये होतं, ‘ईदची दम बिर्याणी, उद्या बुधवार १० एप्रिल, दुपारी १२ ते ३ घरपोच.’ मगरिबनंतर चाँद दिसला नाही. ईद गुरुवारी, ११ तारखेला ठरली. पण वेळ लावलेली पोस्ट आकाशाकडे बघत नाही. नऊ वाजता ती गेली, म्हणजे तिसाव्या रोज्याला भर दुपारी बिर्याणी घरपोच! खाली लोकांनी जे लिहिलं ते वाचून बिर्याणीवाल्या आपा रडकुंडीला आल्या. भाचीने मजकूर दुरुस्त केला, पण तोपर्यंत त्याचे स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर फिरत होते. ते कोण दुरुस्त करणार?

“खाला, आपांनी स्वतः मंजूर केलं होतं,” असं म्हणत तिने मोबाईल पुढे केला. खरंच होतं. खाली आपांचं उत्तर, ‘चालेल बेटा’. पण वर बघितलं तर तीन फोटो, दोन मजकूर आणि एक दराचा प्रश्न, सगळं एकामागून एक. ‘चालेल’ यातल्या कशाला? आपांना विचारलं तर म्हणाल्या, “मी तर फोटोला चालेल म्हटलं होतं.”

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. वही तपासताना मी तारीख टाकून सही करते, कारण सहीनंतर पोराने काय लिहिलं त्याची जबाबदारी माझी नाही. भाचीच्या कामात ती सहीच नव्हती. ईदनंतर आम्ही दोघी बसलो आणि एक तपासयादी केली. ती चूक शोधण्यासाठी नाही, तर कोणी नक्की कशाला हो म्हटलं हे कळण्यासाठी आहे.

पहिला नियम असा की मंजुरीसाठी एकच संदेश जाईल. वर पानाचं नाव, मग पोस्ट जाण्याचा वार, तारीख आणि वेळ, मग मजकूर जसाच्या तसा, आणि फोटो त्याच्यासोबत. गिऱ्हाइकाने त्याच संदेशावर बोट सरकवून उत्तर द्यायचं आणि ‘मंजूर’ लिहायचं. ‘चालेल’, अंगठा, हसरा चेहरा यांना मंजुरी धरायचं नाही. त्यानंतर एक अक्षर जरी बदललं तरी संदेश पुन्हा पाठवायचा. पानाचं नाव सर्वात वर का, तर सहा पानं एकाच मोबाईलवर असली की सुकेळीचा मजकूर मेंदीच्या पानावर जायला एक चुकीची टिचकी पुरते.

‘एक अक्षर’ हे मी उगाच म्हणत नाही. त्याच पोस्टमध्ये दुसरी चूकही होती. मसुद्यात फोन नंबर वेगळ्या ओळीवर होता. मंजुरीनंतर भाचीने जागा वाचवायला तो वरच्या उर्दू ओळीला जोडला. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते. तिच्या अक्षरांमागे इंग्रजी आकडे पाच-पाच करून मधे जागा सोडून लिहिले, की पडद्यावर दोन्ही तुकडे जागा बदलतात, शेवटचे पाच आधी आणि पहिले पाच नंतर. ‘१० ते १२’ ऐवजी मधे आडवी रेघ टाकून इंग्रजी आकड्यांत वेळ लिहिली, तरी तेच होतं. लिहिणाऱ्याने आकडे बरोबर टाइप केलेले असतात, म्हणून त्याला शंका येत नाही. वाचून डायल करणारा मात्र भलत्याच घरी जातो. उपाय साधा आहे. नंबर वेगळ्या ओळीवर, मधे जागा न सोडता लिहायचा, आणि पोस्ट गेल्यावर दुसऱ्याच मोबाईलवर बघून तो नंबर एकदा लावायचा.

दुसरा नियम हा एक प्रश्न आहे. ‘हे वाक्य कधी खोटं ठरेल?’ दर वाढला, माल संपला, पाऊस पडून सुकेळी वाळली नाही, चाँद दिसला नाही. ज्या वाक्याला असं उत्तर निघतं त्याला आपोआप वेळ लावायची नाही. ईदच्या पोस्टचे आता दोन मसुदे मंजूर होतात, एक २९ रोज्यांचा आणि एक ३० रोज्यांचा. दोन्हींत वार आणि तारीख दोन्ही असतात. चाँदची घोषणा झाली की त्यातला एक ती हाताने टाकते. २०२५ मध्ये सौदीत ईद ३० मार्चला होती, आपल्याकडे ३१ ला. दुबईतल्या नातेवाइकांच्या शुभेच्छा बघून घाई करायची नाही, हेही तिने यादीत लिहून ठेवलं आहे.

तिसऱ्या नियमावर आमचा वाद झाला. कलौंजीवाल्यांनी मजकूर पाठवला होता, हदीसचा हवाला देऊन ‘शुगर मुळापासून बरी’. भाची म्हणाली, “माल त्यांचा, मंजुरी त्यांची, मी फक्त टाकणार.” इथे मंजुरी कामाला येत नाही. औषधं आणि जादूच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४ चा कायदा आहे. त्याच्या यादीतल्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला मनाई आहे आणि मधुमेह त्या यादीत आहे. अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात कोणीही भाग घ्यायचा नाही, असं कायदा म्हणतो, फक्त मालकाने नाही. म्हणजे बटण दाबणारीही त्यात आली. शिवाय कोणी इन्सुलिन सोडून तेल प्यायला लागला, तर त्याचा गुनाह कुणाच्या खात्यावर? हदीसवर माझाही इमान आहे, पण ती बाटलीच्या दरासोबत छापायची गोष्ट नाही. भाचीने मजकुरात तेल कसं काढलं, बाटली किती मिलीची, दर काय, एवढंच ठेवलं. दुकानदार आठवडाभर नाराज होते. पान अजून तिच्याकडेच आहे.

आता तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर कागद आहे. पान कुणाचं? वार-तारीख-दर-नंबर मालकाने वाचले का? वाक्य कधी खोटं ठरेल? आजाराचं नाव आलं का? त्याच संदेशावर ‘मंजूर’ आहे का? गेल्यावर दुसऱ्या मोबाईलवर बघितलं का?

आपांना आधी हे सगळं कटकटीचं वाटलं. पुढच्या ईदला त्यांच्याकडे दोन मसुदे गेले. दोन्हींवर वेगवेगळं ‘मंजूर’ आलं, आणि दुसऱ्याखाली त्यांनी लिहिलं होतं, ‘बेटा, ३० वाल्यात दर जुना आहे.’ त्यांनी मजकूर खरोखर वाचला होता.