मारिओ उशिरा का उडी मारतो?

नव्वदच्या दशकात जळगाव-धुळ्याकडच्या घरांत जो व्हिडिओ गेम आला तो बहुतेक 'मीडिया'चा किंवा त्याच्याच कुठल्यातरी भावाचा होता. निनटेंडोच्या यंत्राची ही नक्कल. पांढरा-राखाडी डबा, वरून खोचायची कॅसेट, दोन रिमोट आणि डक हंटची बंदूक. आमचा डबा इतकी वर्षं माळ्यावर पडून होता आणि अजूनही चालतो. टीव्ही मात्र बदलला. मागे पोट असलेला टीव्ही जाऊन भिंतीवर त्रेचाळीस इंची एलईडी आला, आणि त्यावर हा गेम धड चालवायचा तर काय काय करावं लागतं, ते सुट्टीत धुळ्याहून भाचा आला तेव्हा कळायला लागलं.

सुरुवात सोपी वाटली. डब्याच्या बाजूला पिवळी आणि पांढरी अशा दोन एव्ही पिना आहेत. टीव्हीला मागे साडेतीन मिलिमीटरचं भोक आणि त्यात घालायची तीन शेपट्यांची वायर. जोडली, चित्र आलं. पण मधूनच पडदा काळा होऊन 'सिग्नल नाही' अशी पाटी यायची. चित्र असायचं तेव्हा मारिओच्या कडा करवतीसारख्या दिसायच्या. शिवाय या एव्ही इनपुटवर टीव्हीच्या मेनूतला गेम मोड फिका पडलेला, निवडताच येईना. तो फक्त एचडीएमआयसाठी.

मग गोलाणी मार्केटमधून एव्ही टू एचडीएमआयची छोटी डबी आणली. एका बाजूला तीन रंगांच्या पिना, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय, आणि 720 की 1080 हे ठरवायची इवलीशी खटकी. आता चित्र जाणं थांबलं. भाच्याने रिमोट हातात घेतला, पहिलाच खड्डा आला आणि मारिओ त्यात गेला. पुन्हा खेळला, पुन्हा गेला. "मामा, हाऊ उशिरा कुदस!" पोराचं निदान बरोबर होतं.

उशीर कुठून येतो हे समजायला आधी जुना सिग्नल समजून घ्यावा लागतो. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत एका चित्रात 625 ओळी असतात आणि त्या दोन हप्त्यांत येतात. आधी एक आड एक ओळी, मग राहिलेल्या जागेतल्या ओळी. प्रत्येक हप्ता 312 ओळींचा नव्हे, 312.5 ओळींचा. त्या अर्ध्या ओळीमुळेच दुसरा हप्ता पहिल्याच्या बरोबर मधल्या जागेत बसतो. व्हिडिओ गेम ही अर्धी ओळ गाळतो. तो दर वेळी पूर्ण 312 ओळी पाठवतो, त्यामुळे दुसरा हप्ता पहिल्याच्याच जागी पडतो. पेरणीची पाभर मधली जागा सोडून पुन्हा त्याच तासांतून गेली तर जे होईल तेच. जुन्या टीव्हीला याचं काही वाटत नव्हतं. मधली जागा काळी राहायची आणि सेकंदाला पन्नास पूर्ण चित्रं दिसायची. नवा टीव्ही आणि ती स्वस्त डबी मात्र समजतात की हे नेहमीचं दोन हप्त्यांचं चित्र आहे. म्हणून ती दोन वेगवेगळ्या क्षणांची चित्रं एकमेकांत विणू पाहतात. विणायला मागची-पुढची चित्रं साठवून ठेवावी लागतात, आणि साठवलं की उशीर आलाच.

ही गफलत ओळखायला कुठलंही उपकरण लागत नाही. मारिओला मोठा करा, मग मुद्दाम कासवाचा धक्का लागू द्या. तो लहान होतो आणि थोडा वेळ लुकलुकतो. त्या वेळात गेम त्याला एका चित्रात काढतो, पुढच्यात गाळतो. जुन्या टीव्हीवर ही लुकलुक स्पष्ट दिसते. आमच्या डबीतून तो आडव्या पट्ट्यापट्ट्यांचा, कंगव्यासारखा दिसला. काही यंत्रांत तो लुकलुकण्याऐवजी धूसर भुतासारखा स्थिर दिसतो, काहींत तेवढा वेळ गायबच होतो. यातलं काहीही दिसलं तर यंत्र याला दोन हप्त्यांचं चित्र समजतंय असं बहुधा म्हणता येतं.

डबीचा दुसरा दोष टीव्हीच्या रिमोटवरचं माहितीचं बटण दाबल्यावर कळला. पडद्यावर आलं: 1080p 60Hz. आमचं यंत्र पन्नासचं. झाकण उघडून पाहिलं तर आत यूएमसीच्या UA6527P आणि UA6538 या चिप, म्हणजे पॅलची जोडी. सेकंदाला पन्नास चित्रं आत आणि साठ बाहेर, म्हणजे दर सेकंदाला दहा चित्रं दोनदा दाखवली जातात. मारिओ पळू लागला की मागचे ढग आणि विटा हिसके देत सरकायच्या, ते याचमुळे. जाता जाता सांगतो, या पन्नासमुळेच आपल्या लहानपणीचा मारिओ मूळ जपानी-अमेरिकी मारिओपेक्षा सुमारे सतरा टक्के संथ होता, आणि त्याचं संगीतही तसंच संथ. आज मोबाइलवर तोच गेम खेळताना तो घाईत वाटतो. आपल्याला आठवतो तो वेगही खोटा नाही.

उशीर मोजायला मोबाइलचा स्लो मोशन पुरतो. सेकंदाला 240 चित्रं घेणारा मोड लावायचा आणि उडीच्या बटणावरचा अंगठा आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील असा फोन टेकवायचा. मग व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत, बटण तळाला गेल्यापासून मारिओचे पाय जमिनीवरून सुटेपर्यंतची चित्रं मोजायची. एक चित्र म्हणजे सुमारे चार मिलिसेकंद. एकदाच मोजू नये, कारण बटण चित्राच्या सुरुवातीला दाबलं की शेवटाला, यावरही आकडा हलतो. पुष्कळदा मोजून सरासरी घ्यावी.

तुलनेसाठी पोटवाला टीव्ही हवा होता. तो धुळ्यात, पाचकंदील भागात राहणाऱ्या बहिणीच्या घरी अजून चालू आहे, म्हणून डबा, डबी आणि वायरींची पिशवी घेऊन तिकडे गेलो. दाजींना वाटलं, टीव्ही दुरुस्तीवाला आला. त्या टीव्हीवर सरासरी आठ चित्रं भरली, म्हणजे सुमारे 33 मिलिसेकंद. हा उशीर गेमचा स्वतःचा. बटण वाचणं आणि पुढचं चित्र काढणं यात एवढा वेळ जातोच, तो कुणालाच कमी करता येत नाही. जळगावच्या एलईडीवर, डबीतून आणि नेहमीच्या पिक्चर मोडमध्ये, 41 चित्रं भरली होती, सुमारे 170 मिलिसेकंद. गेमचा वाटा वजा केला तर जवळजवळ 140 उरतात, म्हणजे पन्नासच्या हिशेबात सात चित्रं. पूर्ण वेगाने पळणारा मारिओ एका चित्रात अडीच ठिपके पुढे जातो आणि त्याची एक वीट सोळा ठिपक्यांची असते. म्हणजे बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंत तो एका विटेहून जास्त पुढे गेलेला असतो. खड्ड्याच्या काठावर येऊन उडी मारायची सवय असलेला माणूस खड्ड्यातच जाणार.

टीव्हीचा गेम मोड लावला तेव्हा 41 चे 26 झाले. निम्मा नाही तरी मोठा उशीर टीव्हीच्या सजावटीतून येत होता: चित्र गुळगुळीत करणं, कडा टोकदार करणं, हालचालीत मधली चित्रं भरणं. ते सगळं गेम मोड बंद करतो. उरलेल्यातला मोठा भाग डबीचा होता आणि त्यावर कुठल्याही मेनूत इलाज नव्हता.

म्हणून अपस्केलर. इथे खरेदीला निघालेल्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. ओएसएससी नावाचं नाव कमावलेलं यंत्र आणि बाजारात स्वस्त मिळणारा जीबीएस-8200 बोर्ड, दोन्ही पिवळी वायर घेत नाहीत. त्यांना लाल-हिरवा-निळा वेगवेगळा सिग्नल लागतो. आपल्या डब्यातली चित्राची चिप तर रंग आणि प्रकाश एकत्र मिसळूनच बाहेर सोडते, वेगळे रंग तिच्याकडे नसतातच. त्यामुळे पिवळी वायर स्वीकारणारंच यंत्र हवं. मी रेट्रोटिंक 2एक्स घेतला. परदेशातून मागवावा लागतो, सीमाशुल्क भरावं लागतं आणि डबीच्या तुलनेत तो कितीतरी महाग पडतो. त्याच्या कामात जादू नाही. तो आलेल्या चित्राला पूर्ण चित्र मानतो, प्रत्येक ओळ दोनदा काढतो आणि लगेच पुढे पाठवतो. पूर्ण चित्र साठवत नाही, काही ओळींपुरतंच थांबतो. त्याचा स्वतःचा उशीर एका मिलिसेकंदाच्या आतला आहे.

जोडल्यावर टीव्हीवर 576p 50Hz आलं. ढगांचे हिसके गेले आणि धक्का लागलेला मारिओ पहिल्यासारखा लुकलुकला. गेम मोडमध्ये मोजलं तर तेरा चित्रं, सुमारे 54 मिलिसेकंद. पोटवाल्या टीव्हीपेक्षा वीसेक जास्त, म्हणजे गेमच्या एका चित्राएवढाच फरक. तो टीव्हीचा किमान वाटा आहे. चित्र रुंद ताणलं जात होतं, ते टीव्हीच्या मेनूतून 4:3 केलं.

एक अडचण मात्र यंत्र घेण्याआधी माहीत असावी. 312 ची दुप्पट 624 होते आणि एचडीएमआयचं ठरलेलं 576p चित्र आतल्या मोजणीत 625 ओळींचं असतं. एका ओळीची ही तूट बहुतेक टीव्ही चालवून घेतात, काही मात्र काळे पडतात. आमचा चालवून घेतो. दाजींच्या शेजाऱ्यांच्या एलईडीवर तोच संच लावला तर चित्र आलंच नाही. तिथे मग चित्र साठवून ठरलेल्या मापात देणारा महागडा अपस्केलर लागतो, आणि साठवण आली की थोडा उशीरही परत येतो.

डक हंटची बंदूक यातल्या कशानेही चालत नाही. घोडा दाबला की गेम पडदा क्षणभर काळा करतो आणि पक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीला तो उजेड त्याच क्षणी दिसावा लागतो, शिवाय तिचा डोळा पोटवाल्या टीव्हीच्या झपाट्याने फिरणाऱ्या उजेडासाठीच बनवलेला आहे. एलईडीवर चौकोन पोचेपर्यंत गेमने 'नेम चुकला' असं ठरवलेलं असतं. तेव्हा घरात असा चालू टीव्ही असेल तर तो भंगारवाल्याला देऊ नका. बाकीच्या गेमसाठी आधी टीव्हीचा गेम मोड लावून पाहा, त्याला पैसे पडत नाहीत. अपस्केलर घेण्याआधी तो पिवळी वायर घेतो का एवढं विचारा, आणि जमलं तर आपल्याच टीव्हीवर लावून पाहून मगच पैसे द्या.