अकराचा गजर

मुलीचं लग्न डिसेंबर 2024 मध्ये ठरलं आणि मी सोन्याच्या भावावर पहारा बसवला. रोज अकराला मोबाईल ओरडायचा. मी भाव पाहून कॅलेंडरवर टिपायचा. तोळा, म्हणजे हल्लीचे 10 ग्रॅम, 65 हजारांखाली आला की मोहनमाळ घ्यायची, हा माझा पण!

23 जुलैच्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 वर आलं नि भाव गडगडला. चारच दिवसांत बावीस कॅरट 64,000! सौ.ला म्हटलं, "चला, ऊठ!"

सराफाने शांतपणे कागद ओढला. 64,000 वर 12 टक्के घडणावळ, झाले 71,680. त्यावर तीन टक्के जीएसटी, 73,830. माझा घसा कोरडा. बिल 65 हजारांत बसवायचं तर भाव 56,300 च्या आसपास हवा होता. महिनोन् महिने मी चुकीच्या आकड्याची राखण करीत होतो!

"मग थांबू या," मी पुटपुटलो.

"लग्नही थांबवायचं का?" असं म्हणत सौ.ने माळ जवळ ओढली.

गजर मात्र बंद करायचा राहूनच गेला. अकरा वाजले की सौ. स्वयंपाकघरातून हाक मारते, "अहो, तुमचं सोनं रडतंय!"