निकालाच्या सकाळी मैत्रिणीला काय म्हणावं

पाळी, ता. डिचोली

चि. बाय,

उद्या दहावीचा निकाल. तुझ्या जिवलग मैत्रिणीला किती पडले हे ठाऊक नसताना तिच्याशी पहिलं वाक्य कोणतं बोलावं, असं तू विचारलंस. माझं मत थोडक्यात असं, की जिच्या उत्तरात आकडा सांगावा लागत नाही अशी हाक मार, आणि ती निकाल लागायच्या आधी मार. पाळीत निकालाच्या दिवशी दुकानापासून देवळापर्यंत सगळे “किती टक्के?” एवढंच विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ज्या मुलीला गुण कमी पडले असतील तिच्यापुढे तीनच वाटा उरतात. आकडा सांगायचा, खोटं बोलायचं, नाहीतर विषय टाळायचा. टाळलं की न सांगताच सांगितल्यासारखं होतं. “अभिनंदन!” त्याहून अवघड. ती नापास झाली असेल तर आधी तुझी चूक तिने दुरुस्त करायची, आणि मग तू ओशाळलीस म्हणून तुलाच सांभाळून घ्यायचं. “वाईट वाटून घेऊ नकोस” म्हणालीस तर ती हरली हे तू आधीच ठरवलंस असं होईल. “निकाल पाहिलास का?” हे साधं वाटतं खरं, पण ती “हो” म्हणाली की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

आकडा कळला तरी निकाल कळतो असं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पूर्वी वर्तमानपत्रात नुसते बैठक क्रमांक छापून येत. पास झाली एवढं गावाला कळे, बाकीचं घरात राही. आता पर्वरीहून मंडळाने निकाल जाहीर केला की थोड्याच वेळात टक्केवारी मोबाईलवर फिरू लागते, आणि त्या एका आकड्याला आपण सगळी हकिगत समजतो. समज, तुझ्या मैत्रिणीला बहात्तर टक्के पडले. ती मयेच्या सरकारी तंत्रनिकेतनाची आस धरून असेल आणि गणितातच गुण घसरले असतील, तर ते बहात्तर टक्के तिला जड जातील. दुसरी एखादी गणितात नुसती पास होण्यासाठी वर्षभर झटली असेल, तर पंचेचाळीस टक्क्यांतही तिच्या घरी पेढे वाटले जातील. शिवाय त्या दिवशीचा आकडा शेवटचाच असतो असंही नाही. फेरतपासणी असते, पुरवणी परीक्षा असते. म्हणून तिने आपणहून गुण सांगितले तरी लगेच “वा!” किंवा “अरेरे!” म्हणू नकोस. “तुला कसं वाटलं?” असं विचार, आणि ती बोलेल त्या सुरात सूर मिळव.

तू म्हणशील, सगळं गाव विचारत असताना मीच गप्प राहिले तर हिला कुठूनतरी कळलं असणार असं तिला वाटेल. ही शंका खरी आहे, म्हणूनच गप्प राहण्याचा सल्ला मी देत नाही. निकालानंतर उशिरा आलेली हाक दयेसारखी वाटते. निकालाआधी आलेल्या हाकेत निवाडा असूच शकत नाही, कारण तेव्हा कुणालाच काही ठाऊक नसतं. तेव्हा सकाळीच तिला कळव, “आज निकाल आहे. काहीही लागो, सांगावंसं वाटेल तेव्हा सांग, मी विचारणार नाही. संध्याकाळी पाच वाजता देवळाकडे येते, तूही ये.” यात दिवस नाकारलेला नाही आणि उत्तराची सक्तीही नाही. बोलावणं मात्र ठरलेल्या वेळेचं असू दे. “कधीतरी भेटू” म्हटलं की ती भेट निकालावर अवलंबून आहे असं वाटतं.

दुसरी शंका अशी, की तिला उत्तम गुण पडले असतील तर कुणीतरी विचारावं असं तिला वाटेलच. वाटू दे. आनंद सांगायला तिला प्रश्नाची गरज पडणार नाही, आणि तू उशिरा विचारलंस म्हणून तिचं काही कमीही होणार नाही. जिला गुण कमी पडले तिला मात्र घाईने विचारलेला प्रश्न बराच काळ बोचतो. दोन्हीकडचं नुकसान सारखं नाही, म्हणून कमी पडलेल्या मुलीचा विचार करून वागायचं.

तुझे गुणही आपणहून आधी सांगू नकोस, कारण आपला आकडा पुढे ठेवणं म्हणजे तिचा मागणंच. तिने विचारले तर सरळ सांग, पण “आणि तुझे?” असं जोडू नकोस. तिचा बैठक क्रमांक तुला पाठ असेलच. त्यावरून तिचा निकाल पाहता येत असला तरी पाहायचा नाही. पाहिलास तर मग न विचारणं हे नुसतं सोंग होईल, आणि तुझा चेहरा तिला बरोबर कळतो.

ती नापास झाल्याचं बोलली तर त्या संध्याकाळी पुरवणीचा विषय तिने काढल्याशिवाय तू काढू नकोस. अर्जाची मुदत मात्र शाळेतून विचारून ठेव, दोन दिवसांनी तिला लागेल.

तुझा,
मामा