आजीनं मोडलेले शेंडे

मी सहावीत होते तेव्हाची गोष्ट. आम्ही साताऱ्याला राहायचो. सांगलीकडच्या गावाहून आजी आली ती दिवाळीच्या माळेतली वाळलेली झेंडूची फुलं पदरात बांधूनच. आषाढात तिनं ती चुरून बी पेरलं. महिन्याभरानं, ऑगस्टच्या सुरुवातीला, परसात रोपांच्या दोन ओळी लावल्या. एक तिची, एक माझी.

ऑगस्ट संपताना रोपं वीतभर झाली. एके सकाळी बघते तर काय, आजी आपल्या ओळीतले शेंडे नखानं टचाटच खुडत होती! पानांच्या चार-पाच जोड्या ठेवायची आणि वरच्या जोडीच्या लगेच वरून मोडायची.

"आजी, झाडं मरतील ना!"

"अगं पोरी, शेंडा मोडल्याबिगर फुटवा यायचा न्हाई," आजी म्हणाली. मी माझ्या ओळीला हातच लावू दिला नाही.

माझी झाडं आधी फुलली. आठवडाभर मी नाचत होते! पण एकेक दांडा उंच वाढला, शेंड्यावर मोजकी फुलं आली आणि परतीच्या पावसात निम्मी झाडं आडवी झाली. आजीची झाडं मात्र बुटकी, गोल. प्रत्येक पानाच्या बेचक्यातून फांदी फुटलेली आणि प्रत्येक फांदीला फूल. फुलं थोडी लहान, पण दसऱ्याचं तोरण तिच्याच ओळीतून झालं.

पुढं शाळेत कारण कळलं. शेंड्यात ऑक्सिन नावाचं द्रव्य तयार होतं. ते खाली उतरतं आणि बेचक्यातल्या डोळ्यांना वाढू देत नाही. शेंडा गेला, की डोळे जागे होतात.

सातवीत मी ऐटीत वर्गाला सांगितलं, "पाटीपूजनाचं तोरण माझ्याकडून!" आजी तेव्हा गावी होती. शेंडे खुडायचे मी विसरले. दसऱ्याला पंधरा दिवस उरले तेव्हा आठवण झाली. शेंड्यांवर हरभऱ्याएवढ्या कळ्या होत्या. तरी भराभर सगळे खुडले. जास्त फुलं येणार ना!

पाटीपूजनाला एकही फूल नव्हतं. शेवटी बाबांनी मंडईतून माळ आणली. वर्गात मान वर करवेना. झाडं फुलली ती दिवाळीत, म्हणजे खुडल्यापासून जवळजवळ पाच आठवड्यांनी.

आजीला पत्रानं कळवलं. तिनं लिहून घेतलेलं उत्तर आलं : "कळी दिसली की शेंड्याला हात लावू नये. सणापासून मागं दिवस मोज."

आता मी तसंच मोजते. नवी फांदी वाढून फुलायला पाच-सहा आठवडे लागतात. म्हणून रोप लावल्यावर तीन-चार आठवड्यांनी आणि दसऱ्याच्या निदान सहा आठवडे आधी शेंडे खुडते. उशीर झाला, तर त्या वर्षी खुडतच नाही. थोडी तर थोडी, पण फुलं सणाला मिळतात.