प्लॅन वाढवला, वेग नाही

संध्याकाळी आठ वाजले की आमच्या घरचं फायबर रांगायला लागायचं. मी घरून काम करतो आणि परदेशातल्या सहकाऱ्यांशी रात्रीच बोलणं होतं, त्यात आवाज तुटायचा. आधी दोष राउटरला दिला आणि नवा, महागडा घेतला. तरी फरक पडेना, म्हणून १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा करून सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले.

स्पीड टेस्ट मी नेहमी सकाळी करायचो, तिथेच फसलो. आकडा उत्तम यायचा, त्यामुळे पुढची लाइन ठीकच आहे असं धरून चाललो. शेवटी लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडला आणि रात्री नऊला हे चालवलं:

```
tracert -d 8.8.8.8
```

पहिली ओळ राउटरची, १ मिलिसेकंद. दुसरी केबलवाल्याच्या ऑफिसातल्या यंत्राची, ४. तिसऱ्या ओळीला आकडा एकदम १४० वर गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. (मधल्या एखाद्याच ओळीत आकडा चढून पुढे उतरला, तर घाबरू नये, ते यंत्र अशा चाचणीला सावकाश उत्तर देतं, इतकंच.) सकाळी हाच प्रवास १२ मिलिसेकंदांत व्हायचा. म्हणजे घरापासून केबलवाल्यापर्यंतची वाट मोकळी होती, गर्दी त्याच्या पुढे होती.

मग त्याच्याकडे जाऊन बसलो. एका फायबरवर स्प्लिटर लावून ६४ घरं जोडलेली, आणि त्या सगळ्यांत मिळून सुमारे २.५ जीबीपीएस. एका एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएस धरले, तर प्रत्येक घरात दोन-दोन चालले तरी ६४० च होतात. तिथे अडत नव्हतं. पण त्याची अशी चारशे घरं पुढे एकाच १ जीबीपीएसच्या लिंकवर होती. घरटी १०० धरले तरी विकलेला वेग ४० जीबीपीएस, म्हणजे चाळीस पट. असं विकण्यात मुळात गैर काही नाही. सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत, म्हणूनच फायबर आपल्याला परवडतं. मात्र रात्री दोनशे घरांत एकेक व्हिडिओ सुरू झाला की ती लिंक भरते. डेटाची पाकिटं रांगेत थांबतात, रांगही भरली की टाकून दिली जातात, आणि माझ्या बोलण्यातले शब्द गळतात.

२०० च्या प्लॅनने फक्त माझ्या लाइनीवरची मर्यादा वाढली होती. भरलेल्या लिंकमध्ये त्याने एका एमबीपीएसचीही भर पडली नाही.

ट्रायच्या २००६ च्या ब्रॉडबँड नियमांत गर्दीच्या तासाला अशा लिंकचा वापर ८० टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट होती. तेव्हा प्लॅन वाढवण्याआधी रात्री केबल लावून चाचणी घ्या, आणि केबलवाल्याला एवढंच विचारा: रात्री नऊला तुमची पुढची लिंक किती भरलेली असते?