दरवाढीचा निरोप

बारामती-इंदापूर भागातल्या छोट्या छापखान्याने दरवाढ फेब्रुवारीत सांगावी. १ एप्रिलला आर्थिक वर्ष बदलते, बिलांचे क्रमांक बहुतेक दुकानदार तेव्हा नव्याने सुरू करतात. म्हणून खते, बियाणे, हार्डवेअर विकणारी दुकाने मार्चमध्ये बिलबुके छापायला टाकतात. ऐन मार्चमध्ये वाढीव आकडा ऐकवणे ही गिऱ्हाइकाची अडवणूकच होते.

वाढ किती, हे कागद ठरवतो. पण कागद म्हणजे सगळे बिल नव्हे. दहा बिलबुकांचे १,५०० रुपये होतात असे धरू. त्यात कागद ६००चा, मॅटर जुळणी २५०ची, प्लेट १५०ची आणि छपाई, नंबरिंग, बाइंडिंग मिळून ५००. कागद पंचवीस टक्क्यांनी महागला, तर खर्च १५० रुपयांनी वाढतो, म्हणजे बिलात दहा टक्के. कागदाकडे बोट दाखवून सरसकट पंचवीस टक्के लावले, तर हिशेबी दुकानदाराच्या ते लगेच लक्षात येते. १८ जुलै २०२२ पासून छपाईच्या शाईवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, पण बिलबुकात शाईचा वाटा फार थोडा असतो. एवढ्या कारणावर मोठी दरवाढ कुणाला पटणार नाही.

जुन्या गिऱ्हाइकाला सवलत द्यायची ती जिथे त्याचे काम खरोखर स्वस्तात होते, तिथेच द्यावी. त्याचे मॅटर संगणकात तयार असते. वर्ष आणि सुरुवातीचा क्रमांक बदलला की प्रूफ निघते. जुळणीतले १०० रुपये सोडले, तर नव्या गिऱ्हाइकाला १,६५० आणि जुन्याला १,५५० पडतात. कागदाची वाढ मात्र दोघांकडूनही पूर्ण वसूल होते. याउलट दर तोच ठेवून ७० जीएसएमऐवजी ६०चा कागद घालणे घातक आहे. पेनाची शाई मागे उमटते, आणि ती दुकानदाराला रोज दिसते.

निरोपाचा क्रमही महत्त्वाचा. नेहमीच्या गिऱ्हाइकांना आधी फोन करावा, मग व्हॉट्सॲपवर टाकावे. स्टेटस २४ तासांत जाते आणि ब्रॉडकास्टचा संदेश ज्यांनी छापखान्याचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यांनाच मिळतो. म्हणून तोच मजकूर काउंटरवरही लावावा. मजकूर साधा असावा: “१ मार्चपासून दहा बिलबुकांचा दर १,५०० ऐवजी १,६५० रुपये. कारण कागद महागला. २८ फेब्रुवारीपर्यंत ॲडव्हान्स दिलेली कामे जुन्याच दराने. आमच्याकडे आधी छापलेल्यांना जुळणीत १०० रुपये कमी.” टक्के लिहिण्यापेक्षा असे रुपये लिहिलेले बरे, वाचणाऱ्याला आपले बिल किती होणार ते कळते. लग्नपत्रिकेचे ठरलेले काम तर जुन्याच दराने पुरे करावे, कारण त्या घरात बाकीचे खर्चही त्याच वेळी उभे असतात.

नाराज झालेले गिऱ्हाईक सहसा भांडत नाही. ते एक दिवस येऊन आपल्या बिलबुकाची कोरलड्रॉची फाइल पेनड्राइव्हवर मागते. फाइल द्यावी, आणि दर परवडत नाही का हे त्याच वेळी विचारावे. उत्तर ‘हो’ आले, तर दोनऐवजी एका रंगात छापून किंवा जास्त बुके एकदम काढून बिल खाली आणता येते.